न दिसणाऱ्या खिळ्यांनी लाकडी छत: नाशिकच्या हवेत जीभ-खाचेच्या फळ्या रिपांवर बसवण्याची पद्धत

एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असलेल्या फळ्या छताला लावताना खिळा जिभेच्या मुळाशी तिरका मारतात आणि पुढच्या फळीची खाच त्याच्यावर येऊन तो झाकून टाकते. खिळा लपतो म्हणून ही पद्धत सुबक दिसते, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. या पद्धतीत प्रत्येक फळी एकाच कडेला, म्हणजे जिभेच्या बाजूला, पक्की धरलेली असते आणि तिची खाचेची कड शेजारच्या जिभेवर मोकळी सरकू शकते. हवेतील ओलाव्याप्रमाणे लाकूड फुगते आणि आक्रसते, ती हालचाल प्रत्येक सांध्यात थोडी थोडी वाटली जाते. सांध्यात फेविकॉल भरणे किंवा जास्तीच्या मजबुतीसाठी फळीच्या दोन्ही कडांना खिळे मारणे म्हणजे ही सोय आपल्याच हाताने काढून टाकणे होय.

नाशिकमध्ये याला विशेष महत्त्व आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांतील कोरडी, चाळीस अंशांच्या आसपासची हवा आणि जुलै-ऑगस्टमधील दमट हवा यांत फार मोठा फरक असतो. खोलीतील पाइनच्या फळीतला ओलावा उन्हाळ्यात साधारण आठ टक्के आणि पावसाळ्यात साधारण तेरा टक्के असतो असे धरले, तर हा पाच टक्क्यांचा फरक ८८ मिमी रुंदीच्या आडव्या कापाच्या फळीला सुमारे १.१ मिमीने रुंद करतो. एका फळीपुरते हे नगण्य वाटते. पण शेजारी शेजारी घट्ट बसवलेल्या ३२ फळ्यांचे मिळून ते ३५ मिमी होतात आणि भिंती तेवढ्या मागे सरकत नाहीत. सागवानाची हालचाल पाइनपेक्षा कमी असली तरी पद्धत तीच राहते. फळीच्या लांबीत मात्र ओलाव्याने होणारा बदल इतका थोडा असतो की तो विचारात घेण्याची गरज नसते.

पुढील सर्व विवेचन एका ठरावीक खोलीला धरून केले आहे. गंगापूर रोडवरच्या एका दुमजली घरातील वरच्या मजल्यावरची, ३.६० मीटर लांब आणि २.८५ मीटर रुंद खोली, वर आरसीसी स्लॅब, मध्यभागी पंखा आणि काम एप्रिलच्या अखेरीस. फळ्या १२ मिमी जाडीच्या पाइनच्या, समोरून व्ही आकाराची खाच दिसणाऱ्या, जिभेसकट ९५ मिमी आणि जीभ झाकल्यावर ८८ मिमी रुंद आहेत. त्या खोलीच्या लांबीला समांतर लावायच्या आहेत.

खरेदीच्या वेळी आणि त्यानंतर

दुकानातच दोन तुकडे एकमेकांत बसवून समोरून पाहावेत. खाचेचा समोरचा ओठ जिभेच्या मुळापर्यंत येत असेल, तर मुळाशी मारलेला खिळा झाकला जाईल. काही फळ्यांचा समोरचा ओठ मुद्दाम आखूड ठेवलेला असतो, त्यामुळे दोन फळ्यांमध्ये सावलीची रुंद पट्टी दिसते; अशा फळ्यांत जिभेच्या मुळाचा भाग उघडाच राहतो आणि तेथे मारलेला खिळा कायम दिसत राहतो. त्या प्रकारासाठी खाचेच्या मागच्या ओठाला धरणाऱ्या धातूच्या क्लिपा वापराव्या लागतात आणि या लेखातील पद्धत त्याला लागू होत नाही.

फळ्या आणल्याबरोबर लावू नयेत. ज्या खोलीत काम आहे त्याच खोलीत, जमिनीपासून वर, दोन थरांमध्ये समान जाडीच्या काठ्या ठेवून, हवा खेळेल अशा रीतीने त्या आठ-दहा दिवस रचून ठेवाव्यात. लाकूड खोलीच्या हवेला जुळले की नाही, हे ओलावामापक नसतानाही कळू शकते. एका फळीचा हातभर तुकडा कापून स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी तोलावा आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहीत जावे. आकडा सलग तीन-चार दिवस हलला नाही की लाकूड स्थिरावले असे समजावे.

याच काळात रंगकाम किंवा पॉलिशचे पहिले दोन हात उरकून घ्यावेत, आणि ते समोरच्या बाजूबरोबरच पाठीमागे आणि विशेषतः जिभेवरही द्यावेत. पाठ कोरी राहिली तर फळी दोन्ही बाजूंनी असमान ओलावा घेते आणि खोलगट होते. जीभ कोरी राहिली तर त्याहून त्रासदायक गोष्ट घडते: फळ्या छताला लावल्यानंतर रंग दिला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्या आक्रसतात आणि प्रत्येक सांध्यातून न रंगवलेल्या लाकडाची पांढरट रेघ डोकावू लागते. ती नंतर ब्रशने नीट भरता येत नाही.

मांडणीचा हिशेब

हे काम कागदावर आधी होते. भिंतीलगत दोन्ही बाजूंना १० मिमी फट सोडायची आहे, म्हणून २८५० मधून २० वजा जाऊन २८३० मिमी रुंदी उरते. फळ्या अगदी टेकवून लावायच्या धरल्या, तर ३२ पूर्ण फळ्यांत २८१६ मिमी संपतात आणि शेवटी १४ मिमीची चिंधी उरते, जी धड खिळाही घेत नाही आणि दिसतेही वाईट. परंतु काम एप्रिलमध्ये असल्याने प्रत्येक सांध्यात १ मिमी जागा सोडायची आहे. म्हणजे एका फळीला प्रत्यक्षात ८९ मिमी लागतील. मांडणी या खऱ्या मापावर करावी, दुकानदाराने सांगितलेल्या रुंदीवर नव्हे. ३० पूर्ण फळ्यांना २६७० मिमी लागतात, १६० मिमी उरतात आणि ते दोन्ही भिंतींशी ८० मिमी असे सारखे वाटता येतात. एकूण ३२ फळ्या लागतात; वाकलेल्या आणि गाठी निखळलेल्या फळ्या बाजूला काढता याव्यात म्हणून ३५ घ्याव्यात. १२ फुटी फळी मिळाली तर ती ३६५८ मिमी असते, त्यामुळे ३५८० मिमीवर कापून सबंध लांबी एकसंध निघते.

ऑगस्टमध्ये हेच काम करायचे असल्यास फळ्या आधीच फुगलेल्या असतात; तेव्हा त्या हाताने टेकतील तेवढ्या जवळ लावाव्यात आणि हिशेब ८८ वर करावा. हिवाळ्यात अर्धा मिमी पुरतो.

आता खोली खरोखर काटकोनात आहे का, हे पाहावे. या खोलीत एका टोकाला २८५० आणि दुसऱ्या टोकाला २८३८ मिमी भरले, म्हणजे १२ मिमीचा उतार आहे. तो सगळा शेवटच्या फळीच्या माथी मारला तर ती पाचरीसारखी दिसते. म्हणून तो दोन्ही बाजूंना ६-६ मिमी वाटून पहिली फळी एका टोकाला ८० आणि दुसऱ्या टोकाला ७४ मिमी अशी कापावी.

रिपा

रिपा फळ्यांना काटकोनात, म्हणजे खोलीच्या रुंदीच्या दिशेने येतात. ५० × २५ मिमीच्या, सरळ आणि वाळलेल्या रिपा घ्याव्यात आणि त्यांना वाळवीविरोधी औषधाचा हात कापलेल्या टोकांसकट द्यावा. १२ मिमी फळीसाठी छतावर दोन रिपांमधील अंतर ४०० मिमीपेक्षा जास्त नसावे, नाहीतर फळी काही वर्षांत मध्ये झोळते. पहिली आणि शेवटची रीप भिंतीपासून ४० मिमीवर धरली, तर उरलेल्या ३५२० मिमीचे नऊ भाग ३९१ मिमीचे पडतात आणि एकूण दहा रिपा लागतात.

वरच्या मजल्यावरच्या स्लॅबला गळती असेल, तर ती आधी थांबवून एक पावसाळा जाऊ द्यावा. लाकडाच्या आड गेलेली गळती दिसू लागते तेव्हा फळ्या काळ्या पडलेल्या असतात.

छिद्रे पाडण्याआधी त्या खोलीचा एमसीबी बंद करावा आणि पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीकडे जाणाऱ्या वायरच्या पाइपांचे मार्ग ताडून स्लॅबवर खडूने आखावेत. हे पाइप स्लॅबमध्येच ओतलेले असतात आणि त्या रेषांवर छिद्र घेऊ नये. या छताचे पूर्ण वजन रिपांसह ८० किलोच्या आसपास येते. दर ४५० मिमीला एक याप्रमाणे सत्तर स्क्रू घेतले, तर प्रत्येकावर जेमतेम सव्वा किलो भार पडतो. त्यामुळे धोका वजनाचा नसून स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी काँक्रीटऐवजी प्लास्टरमध्येच अडकून राहण्याचा असतो. प्लास्टरचा भरवसा शून्य धरावा. ७५ मिमी स्क्रूपैकी २५ मिमी रिपेत आणि दहा-पंधरा मिमी पॅकिंग व प्लास्टरमध्ये गेले, तरी ३५ मिमी काँक्रीटमध्ये उरलेच पाहिजेत. ड्रिलच्या पात्यावर ५० मिमीला चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी. प्लास्टर संपून काँक्रीट लागले की मशीनचा आवाज बदलतो आणि पाते सावकाश आत जाऊ लागते. पाते अचानक अडून चमकदार कण खाली पडू लागले तर ती सळई आहे. तेथे जोर न लावता छिद्र २५ मिमी बाजूला घ्यावे. गिट्टी ठोकण्यापूर्वी छिद्रातील भुकटी फुंकून काढावी. जेथे प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजते, ते आधी पाडून टाकावे.

स्लॅब सपाट आहे असे कधीच गृहीत धरू नये. लेझर लेव्हलने किंवा गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने स्लॅबचा सर्वांत खाली आलेला बिंदू शोधावा आणि बाकी सगळ्या रिपा त्या पातळीला उतरवाव्यात. पॅकिंगसाठी प्लायचे तुकडे वापरावेत आणि ते नेमके स्क्रूच्या जागीच ठेवावेत. दोन स्क्रूंच्या मध्ये पॅकिंग राहिले तर स्क्रू आवळताना रीप धनुष्यासारखी वाकते. शेवटी दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी रिपांना आडवी लावून पाहावी. पट्टी आणि रीप यांच्यामध्ये २ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसू नये. येथे गेलेला वेळ पुढे वसूल होतो, कारण एक रीप ५ मिमी वर राहिली तर तेथे प्रत्येक जीभ पुढच्या खाचेशी झगडते.

पंखा पूर्वीप्रमाणे स्लॅबमधल्या हुकालाच टांगलेला राहिला पाहिजे, त्याचा किंचितही भार रिपांवर येऊ नये. हुकाभोवती चार आखूड रिपांची चौकट करून ठेवावी, म्हणजे तेथे कापलेल्या फळ्यांच्या टोकांना आधार मिळतो. छत ३७ मिमी खाली येणार असल्याने पंख्याची वाटी कापलेले भोक झाकेल का, हे आत्ताच पाहून घ्यावे. लागल्यास रॉड लांब घ्यावा.

पहिली फळी आणि खिळा

रिपांच्या खालच्या अंगावर भिंतीपासून एका टोकाला ९० आणि दुसऱ्या टोकाला ८४ मिमीवर लाइनदोरी ओढावी. पहिल्या फळीची खाचेची कड कापून टाकावी, ती कापलेली कड भिंतीकडे आणि जीभ खोलीकडे ठेवावी आणि जिभेचा खांदा नेमका दोरीवर धरावा. भिंतीच्या बाजूला कडेपासून १५ मिमीवर प्रत्येक रिपेत एक खिळा समोरून मारावा. हे खिळे पुढे कोपऱ्याच्या पट्टीखाली जातील. पुढची प्रत्येक फळी या पहिल्या फळीच्या सरळपणाची नक्कल करते, म्हणून जिभेच्या बाजूला खिळे मारण्याआधी ती डोळ्याला लावून दोन्ही टोकांकडून पाहावी.

खिळे दीड इंची, १६ गेजचे, लहान डोक्याचे घ्यावेत. खिळा जिभेच्या समोरच्या पृष्ठावर, जेथे जीभ फळीच्या खांद्याला मिळते त्या कोपऱ्यात टेकवावा आणि त्याचे टोक फळीच्या अंगाकडे झुकेल असा ४५ अंशांत धरावा. अशा रीतीने तो फळीतून सुमारे ८ मिमी खोल जाऊन रिपेत सुमारे १९ मिमी उतरतो आणि उतरताना फळीला आधीच्या फळीकडे किंचित ओढतो. कोन फार उभा झाला तर जीभ चिरते. फार आडवा झाला तर खिळा रिपेपर्यंत धड पोहोचतच नाही.

खिळ्याचे टोक ठोकून थोडे बोथट केले तर लाकूड चिरण्याचा धोका बराच कमी होतो, कारण टोकदार खिळा तंतू दोन बाजूंना फाकवतो आणि बोथट खिळा ते तोडत जातो. फळीच्या दोन्ही टोकांकडच्या रिपांवर मात्र १.२ मिमीच्या पात्याने आधी बारीक भोक पाडणेच योग्य. खिळ्याचे डोके ५ मिमी बाहेर असतानाच हातोडी थांबवावी आणि उरलेले काम पंचाने करावे. हातोडी शेवटपर्यंत चालवली की समोरच्या कडेवर चंद्रकोरीसारखा डाग उमटतो आणि तो पुसून टाकण्याचा उपाय नाही. डोके जिभेच्या पृष्ठाच्या किंचित आत गेले पाहिजे. नखाने जिभेवरून फिरवून पाहिले असता काही अडकू नये.

खिळे मारण्याच्या मशीनने काम निश्चितच लवकर होते आणि वर मान करून दोन दिवस हातोडी चालवण्यापेक्षा ते सुसह्यही असते. १८ गेजचे ३५ मिमी खिळे चालतात. पण बिनडोक्याची बारीक पिन छताला वापरू नये, कारण लटकता भार ती धरून ठेवत नाही.

पुढच्या फळ्या

दुसऱ्या फळीची खाच पहिल्या जिभेवर चढवावी. ती हाताने पूर्ण बसत नसेल, तर त्याच फळीचा वीतभर तुकडा ठोकळा म्हणून घ्यावा, त्याची खाच नव्या फळीच्या जिभेवर बसवावी आणि त्या तुकड्यावर हलके ठोकावे. थेट जिभेवर मारलेला एक घावही तिची कड चेपतो. १ मिमीची जागा राखण्यासाठी सनमायकाचे लहान तुकडे फार सोयीचे पडतात, कारण त्यांची जाडी बहुधा १ मिमीच असते. ते दोन फळ्यांच्या समोरच्या कडांमध्ये तीन-चार ठिकाणी धरावेत, खिळे मारावेत आणि काढून पुढच्या फळीला वापरावेत. व्ही खाचेत ही फट नजरेत भरत नाही. काम दोघांनी, दोन घोड्यांवर टाकलेल्या जाड फळीवर उभे राहून करावे. एकाने फळी रिपांना दाबून धरल्याशिवाय दुसऱ्याचा खिळा तिला वर ओढू शकत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दर पाच फळ्यांनंतर समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना मोजावे. फरक १२ मिमीच्या मूळ उतारात दोन्ही बाजूंना वाटलेल्या ६ मिमीइतकाच राहिला पाहिजे. तो २ मिमीने बदलला असेल, तर पुढच्या तीन-चार फळ्यांच्या फटीत थोडी थोडी दुरुस्ती करावी. एकाच फळीत केलेली दुरुस्ती छताकडे पाहणाऱ्याला दिसते.

एखादा सांधा बसत नसेल, तर कारण कोठे आहे हे फटच सांगते. फट नेमकी रिपेपाशी असून दोन रिपांच्या मध्ये नसेल, तर मागच्या जिभेतील खिळ्याचे डोके वर राहिले आहे. फट दोन रिपांच्या मध्ये असेल, तर फळी वाकडी आहे. ती पटाशीने रिपेवर रेटून धरून खिळावी किंवा कापून पंख्याजवळच्या आखूड तुकड्यांसाठी ठेवावी. संपूर्ण लांबीत सारखी फट असेल, तर खाचेत भुसा किंवा वाळलेला रंग साचला आहे.

शेवटची फळी आणि कोपऱ्याची पट्टी

शेवटच्या फळीची रुंदी हिशेबातून न घेता प्रत्येक रिपेपाशी मोजून घ्यावी आणि तिची जीभ कापून टाकावी. खाच आधीच्या जिभेवर टेकवून भिंतीच्या बाजूने लाकडी पाचर घालून ती हळूहळू आत सारावी. सनमायकाचा तुकडा येथेही विसरू नये. मग भिंतीकडच्या कडेपासून १५ मिमीवर समोरून खिळे मारावेत.

कोपऱ्याची पट्टी छताच्या बाजूला किमान ४० मिमी रुंद असावी, म्हणजे १० मिमीची फट आणि कडेचे खिळे दोन्ही झाकले जातात. ती भिंतीलाच स्क्रूने लावावी, फळ्यांना मुळीच नाही. पट्टी फळ्यांत खिळली तर कडेच्या फळ्या पुन्हा जखडल्या जातात. सिलिकोन किंवा पुट्टीने फळी आणि भिंत यांमधील जागा भरण्याचा मोहही टाळावा. पहिल्या पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी फळ्या एकमेकींना ढकलून रिपेपासून खाली उचकटू लागल्याचे दिसले, तर बहुधा तेथे फट बंद झालेली असते. पट्टी काढून कडेची फळी करवतीने ४-५ मिमी कापली की ताण निघतो.

हेच काम भिंतीवर करायचे असल्यास उभ्या फळ्यांना आडव्या रिपा लागतात आणि अंतर ५०० ते ६०० मिमी चालते, कारण भिंतीवर फळी झोळण्याचा प्रश्न नसतो. पहिली फळी कोपऱ्यावर न जुळवता ओळंब्याने उभी करावी आणि जमिनीपासून १५ मिमी वर ठेवावी, म्हणजे फरशी पुसतानाचे पाणी तिच्या टोकात शोषले जाणार नाही. फळ्या आडव्या लावायच्या तर खालून सुरुवात करून जीभ वरच्या अंगाला ठेवावी. पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरील भिंतीला मात्र ओल असेल तर पॅनेलिंग करूच नये; रिपांमागची हवा ओल वाळवत नाही, फक्त तिचा वास उशिरा पोहोचू देते.

या पद्धतीची एक मर्यादा कामापूर्वीच लक्षात घ्यावी. मधली एखादी फळी नंतर बदलायची झाली, तर ती नुसती उचकटून निघत नाही, कारण दोन्ही बाजूंना ती अडकलेली असते. तिला मधोमध लांबीत करवतीने चिरून दोन भागांत काढावे लागते आणि करवतीची खोली १२ मिमीवर बांधून ठेवावी, म्हणजे रिपा कापल्या जात नाहीत. नव्या फळीच्या खाचेचा मागचा ओठ रंध्याने काढून टाकावा, तिची जीभ एका बाजूला सरकवून दुसरी कड वर दाबावी आणि तेथे दोन-तीन बारीक खिळे समोरून मारून पुट्टीने झाकावेत. त्यासाठी त्याच लॉटमधील दोन फळ्या, त्याच पॉलिशसह, माळ्यावर आडव्या ठेवून द्याव्यात.